सात फुटांवरचं ऊन

मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी साडेबाराच्या सुमारास सोलारवाला आमच्या गच्चीवर साइट व्हिजिटला आला होता. माणूस चांगला, बोलायला सरळ, पायऱ्या चढून घामाघूम झालेला. त्याने टेपने गच्ची मोजली, तीस बाय चोवीस फूट. चहूकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, एकदम क्लिअर टेरेस आहे तुमचं, कुठंच सावली नाही." मग जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला, तिला जवळजवळ चिकटूनच, खडूने एक आयत आखला. तिथून वायर खाली मीटरपर्यंत सरळ जाते आणि कमी लागते, हे त्याचं कारण, आणि ते पटण्यासारखंही होतं. आई दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "इथे थंडीत आवळा वाळत नाही." तो हसला, मीही हसले, आणि तो कोटेशन पाठवतो म्हणून निघून गेला. आईचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. ती दर डिसेंबरात आवळासुपारी करते, ताटं घेऊन सकाळपासून गच्चीवर इकडून तिकडे फिरत असते, आणि बरोबर त्या खडूच्या जागी मी कधीच ताट ठेवलेलं बघितलेलं नव्हतं.

मग लक्षात आलं की पुण्यात मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, दुपारी साडेबाराला कुठल्याही गच्चीवर जाऊन उभं राहिलं तरी ती क्लिअरच दिसणार. सूर्य डोक्यावर, टाकीची सावली टाकीखाली, माणसाची पायाखाली. त्या वेळी सावली शोधणं म्हणजे भर उन्हाळ्यात ओढा बघून पूररेषा ठरवणं. त्याचा तरी काय दोष, त्याला दिवसात अशा कितीतरी गच्च्या बघायच्या असतात, आणि गिऱ्हाईकं उन्हाळ्याचं बिल हातात पडल्यावरच फोन करतात.

आमच्या जिन्याची खोली नैऋत्य कोपऱ्यात आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी. घर बांधलं तेव्हा वास्तूच्या हिशोबाने टाकी नैऋत्येलाच हवी म्हणून आजोबांनी ती तिथे घेतली, आमच्या गल्लीतल्या बहुतेक जुन्या बंगल्यांच्या टाक्या त्याच कोपऱ्यात आहेत. त्यात वाईट काही नाही, पण सोलारच्या दृष्टीने हा कोपरा सगळ्यात अवघड. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो, दुपारनंतर नैऋत्येला उतरतो, म्हणजे त्या कोपऱ्यातली उंच वस्तू दुपारी उत्तरेला आणि संध्याकाळकडे ईशान्येला, म्हणजे नेमकी गच्चीच्या आतल्या बाजूला सावली टाकते. खोली आणि टाकी मिळून गच्चीच्या फरशीपासून १४ फूट उंच. पुण्यात २१ डिसेंबरला सूर्य जास्तीत जास्त वर येतो तो साधारण ४८ अंश, आणि तेव्हा घड्याळात बारा नाही तर १२:३३ वाजलेले असतात, कारण आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. त्या क्षणी सावलीची लांबी उंचीच्या नऊ दशांश, म्हणजे साडेबारा फूट. दुपारी तीनला ती वीस फूट होते. हे कागदावर. पण कागदावर शेजारच्या इमारती नसतात, झाडं नसतात, टाकीचा स्टँड नसतो, म्हणून मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

डिसेंबरपर्यंत थांबायचं ठरवलं. घरात सगळे म्हणाले सबसिडी आहे तोवर लावून टाक, आणि ती ३ किलोवॉटला ७८ हजार आहे हेही खरं, पण पॅनेल पंचवीस वर्षांसाठी लागतात, सहा-सात महिने काय.

रस्त्यापलीकडे, आमच्या आग्नेयेला एक तीन मजली इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या बाल्कनीतून आमची अख्खी गच्ची दिसते. त्यांना विचारलं तर त्यांनी तुळशीची कुंडी सरकवून जागा करून दिली. जुना फोन, एक क्लॅम्प, चार्जर लावूनच ठेवलेला, नाहीतर बॅटरी दुपारीच संपते. दर दोन मिनिटांनी एक फोटो. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ३३० फोटो होतात, ते जोडले की अकरा सेकंदांचा व्हिडिओ. बाल्कनी आग्नेयेला असल्यामुळे फोन वायव्येकडे बघतो, त्यामुळे दिवसभर सूर्य लेन्सच्या समोर येत नाही, हे फार महत्त्वाचं, कारण दक्षिणेकडे तोंड करून लावला असता तर थंडीत अर्धा दिवस नुसती चमक दिसली असती.

आणि एक्सपोजर लॉक करायचं. फोन स्वतःच्या मर्जीने उजेड कमीजास्त करत राहिला तर सावलीतली फरशी अचानक पांढरी दिसायला लागते आणि उन्हातली करडी, मग कुठल्या फ्रेममधला कुठला भाग उन्हात होता ते सांगताच येत नाही. आमची गच्ची चायना मोझॅकची, पांढऱ्या तुकड्यांची, दुपारी नुसती डोळे दिपवते, म्हणून मी अकराच्या उन्हात बोट फरशीवर दाबून धरून लॉक केलं, म्हणजे सकाळ थोडी काळपट येते पण दुपार जळत नाही.

गच्चीवर आदल्या संध्याकाळी गेरूने तीन-तीन फुटांचे चौकोन आखले, दहा आडवे, आठ उभे, एकूण ८०. आईला वाटलं मी ठिपक्यांची रांगोळी काढतेय. याचा फायदा असा की कॅमेरा तिरका असला तरी फरक पडत नाही. लांबचे चौकोन व्हिडिओत लहान आणि पिचलेले दिसतात, पण चौकोन तो चौकोनच, त्याचा नंबर बदलत नाही. ज्यांना कॉम्प्युटरचं येतं ते चार कोपरे देऊन चित्र सरळ करून घेतात आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजून रंगीत नकाशा बनवतात, ते छानच, पण ८० चौकोन आणि अर्ध्या अर्ध्या तासाची फ्रेम असं वहीत टिक करत बसलं तरी एका संध्याकाळचं काम आहे, आणि टिक करताना प्रत्येक चौकोनाकडे नीट बघावं लागतं.

पहिल्यांदा तो व्हिडिओ बघितला तेव्हा मी बराच वेळ काही बोललेच नाही. जिथे मी लहानपणापासून राहते ती गच्ची, आणि तिच्यावरून सावली अशी सरकत जाते हे मला माहीतच नव्हतं. सकाळी काकूंच्या इमारतीची मोठी सावली अख्खी गच्ची व्यापून असते, मग ती तिरकी होत मागे जाते, साधारण नऊच्या आत मोकळी. त्यानंतर जिन्याच्या खोलीची सावली पश्चिमेच्या कठड्यावरून आत येते, बाराच्या आसपास बरोबर खडूच्या आयतावर येऊन बसते, मग पूर्वेला लांब होत होत चारपर्यंत कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते. मध्ये एकदा आई फ्रेममध्ये येते, हातात ताट, दोन सेकंदांत तीन ठिकाणी. तिचं ताट कायम सावलीच्या कडेच्या जेमतेम बाहेर. बाबा गेल्यापासून ती गच्चीवर इतका वेळ का असते ते मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "वाळवण असतं ना." मी पुढे काही विचारलं नाही.

एक दिवस ढग आले आणि तो व्हिडिओ वाया गेला, पण त्यातूनही एक कळलं. ढगात सगळी गच्ची एकदम मंद होते, सगळे चौकोन एकाच फ्रेममध्ये. खऱ्या सावलीला कड असते आणि ती कड चालते. त्यामुळे टिक करताना उजेड बघायचा नाही, कड बघायची. कपडे धुतल्याचं पाणी सांडलं तरी फरशी गडद होते, तीही सावली नाही, तिची कड आतल्या आत आक्रसत जाते. आणि दिवस नेमका २१ डिसेंबरच हवा असंही नाही, डिसेंबरच्या सुरुवातीपासून १० जानेवारीपर्यंत सूर्याची वाट फार बदलत नाही, स्वच्छ आकाश मिळेल तो दिवस घ्यावा.

वहीचा हिशोब आईच्या बाजूने लागला. खडूच्या आयताचा जिन्याजवळचा भाग साडेदहा-अकरापासून दोनपर्यंत सावलीत, म्हणजे दिवसाचा सगळ्यात कसदार वेळ. सकाळी नऊचं ऊन आणि साडेबाराचं ऊन सारखं धरायचं नसतं, सकाळी सूर्य जेमतेम २३ अंशांवर असतो, पॅनेलवर तिरका पडतो. म्हणून मी दहा ते तीनच्या टिकांना दुप्पट धरलं, हे काही शास्त्रशुद्ध नाही, पण जागांची आपापसात तुलना करायला पुरतं. असं केल्यावर सगळ्यात चांगले चौकोन आले पूर्वेकडचे, पण तिथेही दोनच्या सुमाराला सावली पोचत होती. मन खट्टू झालं. एवढ्या गच्चीत सहा पॅनेलला दिवसभर उन्हाची जागा नाही?

मग पुन्हा व्हिडिओ लावला, आणि एक गोष्ट खटकली. मी फरशी बघत होते.

पॅनेल फरशीवर लागणारच नव्हते. गच्ची वापरात राहावी, आईला वाळवण घालता यावं, म्हणून आम्ही सात फुटी स्ट्रक्चर सांगितलं होतं, लोखंडी पाइपांवर, खालून माणूस सहज जाईल असं. आणि सात फुटांवरचं ऊन आणि फरशीवरचं ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १४ फूट उंचीची टाकी सात फुटांवरच्या पॅनेलच्या दृष्टीने फक्त सात फूट उंच. म्हणजे सावली थेट अर्धी. भर दुपारी साडेबारा फुटांच्या जागी सव्वासहा फूट, तीनला वीसच्या जागी दहा. आणि साडेतीन फुटी कठडा तर पॅनेलच्या खालीच राहिला, त्याच्या सावलीचा प्रश्नच मिटला.

पण मग फरशीचा व्हिडिओ टाकून द्यायचा का? नाही, आणि हीच मला या सगळ्यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. पॅनेलवरच्या एखाद्या बिंदूतून जाणारा सूर्यकिरण तिथे थांबला नाही असं समजा, तो पुढे सरळ जाऊन फरशीवर कुठेतरी पडणार. जर फरशीवरच्या त्या जागी ऊन असेल, तर वाटेतल्या सात फुटांच्या उंचीवरही ऊन होतंच, नाहीतर ते खाली पोचलंच नसतं. म्हणजे पॅनेलच्या बरोबर खालचा चौकोन बघायचा नाही, सूर्याच्या उलट दिशेला सरकलेला चौकोन बघायचा. डिसेंबरात दुपारी साडेबाराला ही सरक सव्वासहा फूट उत्तरेला, म्हणजे माझे दोन चौकोन. दुपारी तीनला उत्तरेला साडेसात आणि पूर्वेला पावणेसात फूट, म्हणजे अडीच चौकोन उत्तरेला आणि दोनाहून थोडे जास्त पूर्वेला. प्रत्येक वेळेची सरक वेगळी, सूर्य खाली जाईल तशी वाढते. मी प्रत्येक अर्ध्या तासाला ती काढून वहीतले टिक सरकवले. उत्तर आणि पूर्वेच्या कडेला मात्र ही युक्ती संपते, कारण सरकलेला चौकोन गच्चीच्या बाहेर जातो, किरण कठड्यावर किंवा रस्त्यावर पडतो. तिथे बांबू. चार बांबू, सात फुटांवर पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेले, प्रत्येक एका बादलीत वाळू भरून उभा केलेला. व्हिडिओत कापड चमकलं की ऊन, विझलं की सावली, याला काही गणित लागत नाही. खरं तर ज्याला हिशोबाचा कंटाळा आहे त्याने नुसते बांबू लावून टाइम-लॅप्स घेतला तरी निम्म्याहून जास्त काम होतं.

फरक किती पडतो ते सांगते. सहा पॅनेल, प्रत्येकी साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, तीन-तीनच्या दोन ओळी, म्हणजे अकरा बाय पंधरा फुटांची जागा. ती पूर्वेला सरकवली, पश्चिम कठड्यापासून १८ फुटांवर सुरू होईल अशी. त्या जागेच्या पश्चिम कडेला फरशीवर टाकीची सावली दोनच्या थोडं पुढे पोचते. सात फुटांवर तीच सावली पोचते सव्वातीनला. तासाभराहून जास्त ऊन, आणि तेही डिसेंबरातलं, वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसातलं.

सव्वातीनला सावली आली की काय होतं, हेही समजून घेतलं, कारण सहाही पॅनेल एकाच रांगेत, एकामागून एक जोडलेले असतात, आणि सगळ्यांमधून एकच करंट जातो. त्यातल्या एकावर सावली पडली तर तो रांगेला अडवायला बघतो. म्हणून प्रत्येक पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात, ते अडलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेतात, आणि तेवढ्या भागाची वीज त्या वेळेपुरती जाते. हाफ-कट पॅनेल असेल तर त्याचा वरचा आणि खालचा अर्धा भाग स्वतंत्र चालतो. आमच्याकडे सावली नैऋत्येकडून, खालच्या ओळीतल्या पश्चिमेच्या पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यातून शिरते. पॅनेल उभे लावले तर आधी फक्त खालचा अर्धा भाग जातो आणि वरचा चालू राहतो. सोलारवाल्याला हे मी व्हिडिओ दाखवून सांगितलं तेव्हा त्याने तो मन लावून दोनदा बघितला, म्हणाला, "मॅडम, वायर तीस फूट जास्त लागेल." मी म्हटलं लागू दे.

पण डिसेंबरच्या व्हिडिओवर सगळं सोडणं मला बरोबर वाटेना. सोलारबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं, तिथे भर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच, त्यामुळे डिसेंबर निभावला की वर्ष निभावलं. आपल्याकडे तसं नाही. मार्चच्या २१ नंतर सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, आणि पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. आमच्या ईशान्येला शेजारच्या वाड्यात एक जुना आंबा आहे. डिसेंबरच्या व्हिडिओत त्याची सावली एकदाही आली नाही, कारण तेव्हा सूर्य उगवतोच पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला. मेच्या सुरुवातीला पुन्हा फोन काकूंच्या बाल्कनीत लावला, तर सकाळी आठपर्यंत आंब्याची सावली पूर्व कडेवर, अगदी नव्या जागेच्या कोपऱ्यावर, बांबूवरचं कापड विझलेलं. मे म्हणजे आमच्याकडे एसीचा महिना, वर्षातलं सगळ्यात मोठं बिल. आठनंतर ती सावली सरकते, म्हणून जागा बदलली नाही, फक्त अख्खं स्ट्रक्चर दक्षिणेला फूटभर घेतलं. आंबा छाटायचं कुणीतरी सुचवलं होतं. तो आंबा कुणी छाटू नये असंच मला वाटतं.

जुलै ते नोव्हेंबरसाठी वेगळे व्हिडिओ घ्यायची गरज नसते. सूर्य जाताना ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येतो, २१ फेब्रुवारीची वाट आणि २१ ऑक्टोबरची वाट जवळजवळ एकच. फक्त घड्याळ वेगळं, फेब्रुवारीत माध्यान्ह पावणेएकच्या पुढे होते आणि ऑक्टोबरात सव्वाबाराच्या थोडं पुढे, म्हणजे तीच सावली ऑक्टोबरात अर्धा तास आधी येते. त्यामुळे डिसेंबर ते जून एवढं बघितलं की वर्ष बघून झालं.

आता एक गोष्ट उरलीय, आणि ती कुठल्याच व्हिडिओत येणार नाही. आमच्या दक्षिणेचा बंगला रिडेव्हलपमेंटला जातोय. तिथले काका बाबांचे मित्र, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, आईचा हात हातात घेऊन, कारण त्यांच्या घराच्या भिंतींना ओल आलीय, पोरं बाहेर, जिना चढवत नाही. राग येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं आणि तरी रात्री झोप लागली नाही. ते म्हणतात ११० ते ११५ फुटांपर्यंत इमारत जाईल. आमचे पॅनेल रस्त्यापासून तीसेक फूट उंचीवर, म्हणजे पॅनेलच्या वर ८५ फूट, आणि अंतर साधारण ४० फूट. सूर्य ६५ अंशांच्या वर असेल तरच ऊन त्या भिंतीवरून आमच्याकडे उतरणार. पुण्यात दुपारचा सूर्य ६५ अंशांच्या खाली जातो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत वर येतो मार्चच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे जवळजवळ पाच महिने भर दुपारी सावली. किती तास, ते इमारतीच्या रुंदीवर, आणि प्लॅन अजून मंजूर नाही.

आईला हे सगळं वहीत दाखवलं. तिने विचारलं, "मार्चपासून तर मिळेल ना?" मिळेल. मार्च, एप्रिल, मे, जिथे खरी वीज तयार होते आणि खरी वीज लागते, ते महिने मोकळे आहेत. पावसाळ्यात तसंही सगळ्यांचंच कमी. इन्व्हर्टरमध्ये दोन ओळी वेगवेगळ्या जोडायची सोय असलेला घेतलाय, इमारतीची कड आमच्यावरून जाताना एक ओळ सावलीत आणि दुसरी उन्हात असेल तेव्हा दुसरीला पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून. तीन-तीन पॅनेलची एक ओळ या इन्व्हर्टरला पुरेसं व्होल्टेज देते का हे सोलारवाल्याकडून लिहून घेतलं, कारण छोट्या ओळीचं व्होल्टेज कमी पडलं तर तो सुरूच होत नाही. पुढच्या आठवड्यात स्ट्रक्चरचे पाय बसवायला येतायत. प्लॅन मंजूर झाला की काकांकडून उंची आणि रुंदी घेऊन हिशोब पुन्हा मांडीन, गेरूच्या रेषा अजून पुसल्या गेलेल्या नाहीत.